मामांचं डिस्चार्ज कार्ड, साध्या मराठीत

मामी, कार्डाचे फोटो पाहिले. चारही पानं नीट वाचली. घरातल्या सगळ्यांना कळावं म्हणून इथेच लिहिते.

काय झालं होतं: हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त पुरवणारी मोठी नस गुठळीने बंद झाली. हाच हार्ट अटॅक. मनगटातून नळी घालून नस उघडली आणि एक स्टेंट बसवला. बाकीच्या दोन नसांमध्ये थोडे अडथळे आहेत, त्यांना सध्या गोळ्याच पुरेत.

‘ईएफ ४०%’ वाचून दादा घाबरलाय. हृदय चाळीस टक्केच उरलं असा त्याचा अर्थ नाही. हृदयात भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला किती बाहेर जातं, तो हा आकडा. धडधाकट माणसाचाही ५५ ते ७०च्या आसपास असतो, १०० कोणाचाच नसतो. म्हणजे मामांचा कमी झालाय हे खरं, पण अटॅकनंतर दबलेले स्नायू बऱ्याचदा सावरतात. म्हणूनच तीन महिन्यांनी पुन्हा टूडी इको लिहिलाय. ‘माइल्ड एमआर’ म्हणजे झडपेतून किंचित गळती. त्याची आज चिंता नको.

गोळ्यांमध्ये सगळ्यात महत्त्वाच्या दोन: ॲस्पिरिन ७५, दुपारी जेवणानंतर एक; आणि टिकाग्रेलॉर ९०, सकाळी एक, रात्री एक. या दोन्ही गोळ्या स्टेंटमध्ये पुन्हा गुठळी होऊ देत नाहीत. कार्डावर दोन्ही वर्षभर लिहिल्यात. दात काढायचा असो की आणखी काही, हार्टच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस बंद करायच्या नाहीत. मामांना ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळ्या सोडायची सवय आहे, तेव्हा डबा तुमच्या ताब्यात ठेवा. गुडघे दुखले तर दुकानातून पेनकिलर आणू नका, रक्तस्राव होऊ शकतो. पॅरासिटामॉल चालेल.

ॲटॉरवास्टॅटिन रात्री, कोलेस्टेरॉलसाठी. मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल हृदयावरचा भार हलका करतात. रॅमिप्रिलने कोरडा खोकला येतो कधी कधी. आला तर सांगा, गोळी बदलता येते. शुगरची मेटफॉर्मिन अँजिओग्राफीच्या औषधामुळे थांबवली होती, कार्डाप्रमाणे रविवारपासून सुरू करा. तीन महिन्यांची सरासरी शुगर ८.६ आली आहे, म्हणजे जास्तच. याबद्दल मामांशी मी स्वतः बोलणार आहे!

‘एसओएस सॉर्बिट्रेट’ रोज घ्यायची नाही. छातीत दुखलं तर खाली बसवून एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८ला फोन, मला नंतर. काळी शी किंवा न थांबणारं रक्त, खूप धाप, चक्कर, पायाला सूज यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

घरात चालू दे, जिना हळू. उजव्या हाताने आठवडाभर बादली उचलायची नाही. लोणचं, पापड, तंबाखू बंद.

सोमवारी सकाळी ११ला तपासणी आहे. जाताना कार्ड, अँजिओप्लास्टीची सीडी आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. धाप लागत असेल तर तीही सांगा, टिकाग्रेलॉरनेही लागू शकते.