एनसी अहवाल क्र. ०७/२०२५: ओव्हनची तापमान-दुरुस्ती लागू न होणे

विभाग: रसायन, पाणी तपासणी
अंतर्गत लेखापरीक्षणाचा दिनांक: २२ जुलै २०२५
लेखापरीक्षक: सूक्ष्मजीवशास्त्र विभागातील वरिष्ठ विश्लेषक
मानक: आयएसओ/आयईसी १७०२५:२०१७, कलम ६.४.११
वर्गवारी: मेजर

निरीक्षण

पाण्यातील एकूण विरघळलेले घन पदार्थ, म्हणजे टीडीएस, ठरवताना बाष्पनानंतरचा अवशेष १८० ± २ अंश सेल्सिअसला वाळवावा, असे आमच्या चाचणी कार्यपद्धतीत नमूद आहे. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ओव्हन क्र. ०२ च्या १८ मार्च २०२५ च्या कॅलिब्रेशन प्रमाणपत्रानुसार, डिस्प्लेवर १८०.० अंश असताना आतील प्रत्यक्ष तापमान १७४.६ अंश भरले. ही ५.४ अंशांची दुरुस्ती २२ जुलैपर्यंत कुठेही लागू झालेली नव्हती. ओव्हनच्या दारावर 'कॅलिब्रेटेड' असे स्टिकर होते, आणि शेजारच्या तापमान नोंदवहीत चार महिने रोज सकाळी '१८०' हाच आकडा लिहिलेला होता, कारण नोंद डिस्प्ले पाहूनच घेतली जात होती. कलम ६.४.११ नुसार प्रमाणपत्रातील दुरुस्तीचे आकडे प्रत्यक्ष वापरात आले पाहिजेत. ते आले नाहीत.

तात्काळ कृती व परिणामांचे मूल्यमापन

त्याच दिवशी ओव्हन वापरातून काढून कलम ७.१० नुसार टीडीएस चाचणी थांबवण्यात आली. या काळात दिलेले ६३ अहवाल तपासले. तापमान कमी राहिले की अवशेषात, विशेषतः जिप्समसारख्या सल्फेट क्षारांत, पाणी अडकून राहते आणि निकाल जास्त येतो; त्यामुळे चूक एकाच दिशेची होती, हे समजून घेणे महत्त्वाचे होते. जुन्या नमुन्यांची साठवण मुदत सात दिवसांची असल्याने त्यांची फेरतपासणी ग्राह्य धरता आली नसती. म्हणून बोअरवेलचे १२ ताजे नमुने दोन्ही तापमानांना वाळवून तुलना केली. बहुतेकांत फरक २ टक्क्यांच्या आत होता, पण सल्फेट जास्त असलेल्या दोन नमुन्यांत तो ४ टक्क्यांच्या पुढे गेला.

आयएस १०५००:२०१२ मध्ये टीडीएसची स्वीकार्य मर्यादा ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. पाच अहवालांत निकाल ५०० ते ५३० या दरम्यान होता, म्हणजे 'मर्यादेबाहेर' हा आमचा शेरा चुकीचा असण्याची शक्यता होती. या पाचही ग्राहकांना लेखी कळवून ताजा नमुना विनामूल्य तपासून देण्यात येत आहे. पाणी वापरणाऱ्याला आपल्या विहिरीविषयी चुकीची भीती घालणे ही आमच्याकडून झालेली गंभीर गोष्ट आहे, आणि चूक सुरक्षित बाजूला होती असे म्हणून ती सौम्य ठरत नाही.

मूळ कारणाचा शोध

विभागाने पहिल्या उत्तरात 'तंत्रज्ञाचे दुर्लक्ष' असे कारण दिले होते. गुणवत्ता व्यवस्थापकांनी ते परत पाठवले, कारण तंत्रज्ञाने कार्यपद्धतीत लिहिलेली एकही पायरी सोडलेली नव्हती.

दुरुस्ती का लागू झाली नाही? विश्लेषकाला ती माहीतच नव्हती. का नव्हती? प्रमाणपत्र २४ मार्चला आले, भांडार विभागाने त्याची आवक नोंद करून ते फाइलला लावले आणि स्टिकर ओव्हनवर चिकटवले. कोणी वाचले का नाही? उपकरण कार्यपद्धतीत प्रमाणपत्राची पायरी 'नोंद करून फाइल करणे' इथेच संपते. आकडे स्वीकार निकषाशी ताडून सही करण्याची जबाबदारी कोणाकडेही नाही. आणि याआधी हे का उघड झाले नाही? मागील प्रमाणपत्रात दुरुस्ती केवळ ०.४ अंश होती, त्यामुळे ती न वापरल्याने काही बिघडले नव्हते. रोजची तपासणी त्याच डिस्प्लेवर होत असल्याने हा फरक दिसणे शक्यच नव्हते.

मूळ कारण: प्रमाणपत्राचे तांत्रिक परीक्षण ही पायरी कार्यपद्धतीतच नसणे.

सुधारणा कृती

कार्यपद्धतीत बदल करून तांत्रिक व्यवस्थापकांनी प्रत्येक प्रमाणपत्र निकषाशी ताडून सही केल्याशिवाय उपकरणावर स्टिकर लावू नये, असा नियम केला आहे. स्टिकरवर यापुढे दुरुस्तीचा आकडाही असेल. ओव्हनमध्ये स्वतंत्र, कॅलिब्रेट केलेला थर्मोकपल बसवून रोजची नोंद त्यावरून घेतली जाईल. ओव्हन आतील तीन ठिकाणी १८० ± २ अंशांत असल्याची खात्री करून तांत्रिक व्यवस्थापकांच्या लेखी परवानगीने ६ ऑगस्टला चाचणी पुन्हा सुरू झाली.

उरलेली ३१ प्रमाणपत्रेही तपासली. बीओडी इनक्युबेटरची ०.३ अंशांची आणि एका पिपेटची दुरुस्ती लागू झालेली नव्हती. दोन्ही निकषाच्या आत असल्याने निकालांवर परिणाम नाही, तरी दोन्ही आता लागू केल्या आहेत.

परिणामकारकतेची पडताळणी

७ नोव्हेंबर २०२५ पर्यंत येणाऱ्या सर्व प्रमाणपत्रांवरील परीक्षणाची सही आणि ओव्हनची नोंदवही हे लेखापरीक्षक स्वतः पाहतील. पाचही ग्राहकांचे ताजे निकाल आणि गरजेनुसार सुधारित अहवाल पोहोचल्याची नोंद फाइलला लागेपर्यंत ही एनसी खुली राहील.

दिनांक: ८ ऑगस्ट २०२५
गुणवत्ता व्यवस्थापक