प्रदीर्घ सेवा पुरस्कार: दत्तूमामांची ओळख

व्यासपीठावरील मान्यवर आणि माझ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

आपल्या पाणीपुरवठा विभागातले व्हॉल्व्हमन दत्तूमामा यांना आज प्रदीर्घ सेवा पुरस्कार दिला जातोय. 1991 साली ते रोजंदारीवर लागले, पुढे कायम झाले. त्यांच्याबद्दल त्यांनाच विचारलं तर ते दोन वाक्यांत संपवतील. म्हणून गेले आठ दिवस मी विभागात ज्याला-त्याला गाठून "मामांची एक आठवण सांगा" म्हणत होते. त्यांना न सांगता विचारलं, त्याबद्दल मामा माफ करतील.

पंप हाऊसवरचे शेखभाई म्हणाले, "मामांच्या हातात चावी आहे की दुसऱ्या कुणाच्या, हे मला पंपावर बसून कळतं." ती लोखंडी, टी आकाराची, कमरेएवढी चावी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. घाई असली की माणूस व्हॉल्व्ह एका दमात फिरवतो. मामा दोन आटे फिरवतात, थांबतात, चावीच्या दांड्याला कान लावतात. मोकळ्या लाइनीत हवा भरलेली असते, ती आधी निघून जायला हवी. बंद करतानाही तेच, कारण वाहतं पाणी एकदम अडवलं तर त्याचा दणका पाइपाला बसतो आणि जुना जॉइंट उडतो. मी अभियंता म्हणून रुजू झाले तेव्हा हे सगळं सूत्रांत शिकून आले होते. मामांनी पहिल्याच आठवड्यात माझा कान त्या दांड्याला लावला. आधी घरघर, मग खळखळ, आणि मग एकसारखा आवाज. "आता भरली लाइन," ते म्हणाले.

जुन्या पेठेतला व्हॉल्व्ह सापडेना, ही गोष्ट सर्वेक्षणाला आलेल्या मुलांनी फोनवर सांगितली. नकाशावर चेंबर होतं, रस्त्यावर नव्हतं. मामा पारापाशी उभे राहिले, अकरा पावलं चालले, टाच आपटली आणि म्हणाले, "इथं. वर दोनदा डांबर पडलंय." वीतभर उकरल्यावर झाकण लागलं. त्यांच्या खिशातल्या वहीत प्रत्येक व्हॉल्व्हचे आटे लिहिलेले आहेत, कुठला किती उघडला की कुठल्या गल्लीला किती पाणी जातं तेही. ती वही मी मागून घेतली आहे. तिची नीट प्रत काढून ती विभागात राहिली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आमच्यातल्या सगळ्यात नव्या मुलाने, सचिनने, स्वतःहून सांगितलेली आठवण अशी. एकदा पावसात त्याने क्लोरीनची ओटी टेस्ट न करताच रजिस्टर भरलं. मामांनी ते कुणाला कळू दिलं नाही. भिजत त्याला परत त्या नळावर नेलं, नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले आणि पिवळा रंग येईपर्यंत उभे राहिले. "हे पाणी कुणाचं तरी लेकरू पिणार आहे" एवढंच बोलले. सचिन सांगतो, त्यानंतर एकही टेस्ट चुकवलेली नाही.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. आपल्याकडे बारा दिवसांनी नळ यायचा. तेव्हा ऑफिसातल्या काहींनी मामांना सुचवलं, "तुमचं घर लाइनीच्या टोकाला आहे, मुख्य लाइनीवरून वेगळं कनेक्शन घ्या, कोण काय म्हणणार?" मामा म्हणाले, "शेवटच्या नळाला पाणी आलं की नाही, ते मला घरूनच कळतं. ते कनेक्शन घेतलं तर कसं कळेल?" त्या उन्हाळ्यात मामींनीही इतरांसारखेच हंडे रांगेत लावले होते. आवक-जावकच्या कुलकर्णी मॅडम हे सांगताना दोनदा थांबल्या. त्यांचंही घर त्याच टोकाला.

लोकांचे फोन येतात, "मामा, पाणी कधी?" मामा कधीच "येईल" म्हणत नाहीत, वेळ सांगतात. वेळ पाळणं जमणार नसेल तर आधी फोन त्यांचाच जातो. हे मला एका नागरिक भगिनीने सांगितलं. त्या आज मुद्दाम आल्या आहेत, मागच्या रांगेत बसल्या आहेत.

मामींनाही मी विनंती करते, मामांसोबत व्यासपीठावर या. पहाटे तीनला उठून ज्यांनी इतकी वर्षं डबा भरून दिला, त्यांच्याशिवाय हा सत्कार व्हायला नको.

दत्तूमामा, या. चार वाजता तुम्हाला पेठेचं पाणी सोडायचं आहे, हे मला माहीत आहे. चावी माझ्या गाडीत ठेवली आहे.