सासूबाईंसाठी केसांचा रंग: औषधाच्या दुकानातलं संभाषण

ग्राहक: दादा, सासूबाईंसाठी हेअर डाय हवाय. त्यांची त्वचा फार नाजूक आहे. अमोनिया नसलेला द्या.

फार्मासिस्ट: ताई, आधी सांगा, याआधी त्यांना नेमका काय त्रास झाला होता?

ग्राहक: काळी मेंदी लावली होती. दुसऱ्या दिवशी कपाळाला खाज सुटली, मग पापण्या सुजल्या.

फार्मासिस्ट: लावताना चुरचुरलं असतं तर वेगळी गोष्ट होती. एक-दोन दिवसांनी खाज आणि सूज आली म्हणजे ॲलर्जीचाच संशय घ्यायचा. हिचं नेहमीचं कारण पीपीडी, म्हणजे पॅराफेनिलीनडायमाइन हे डायमधलं रसायन. ते काळ्या मेंदीतही असू शकतं. अमोनियामुळे वास येतो, चुरचुरतं. तो काढला तरी पीपीडी राहतं.

ग्राहक: हे बघा, यावर ‘पीपीडी-फ्री’ लिहिलंय.

फार्मासिस्ट: खोका उलटा करा. इथे बारीक अक्षरांत ‘टोल्युइन-२,५-डायमाइन’ आहे. हा त्याचाच भाऊबंद. पीपीडी सोसत नाही अशा बऱ्याच जणांना हाही सोसत नाही. हा मी तुम्हाला देणार नाही.

ग्राहक: आधी ॲलर्जीची गोळी दिली तर?

फार्मासिस्ट: त्यावर विसंबू नका. या उशिरा उठणाऱ्या ॲलर्जीला ती गोळी थोपवत नाही. पुढच्या वेळी त्रास आणखी वाढू शकतो. आणि घरी पीपीडी लावून बघूही नका. ती टेस्ट त्वचारोगतज्ज्ञांकडेच करायची.

ग्राहक: मग काहीच लावायचं नाही का?

फार्मासिस्ट: शुद्ध मेंदी आणि शुद्ध नीळ, म्हणजे इंडिगोच्या पानांची पूड. घटकांत फक्त त्या पानांचं नाव हवं. पूड हिरवट असते. काळीभोर दिसली किंवा ‘१५ मिनिटांत काळे केस’ लिहिलं असेल तर घेऊ नका. त्यांना जी६पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची जन्मजात कमतरता तर नाही ना? त्यात मेंदी चालत नाही.

ग्राहक: नाही, तसं काही नाही.

फार्मासिस्ट: मग दोन्हींची टेस्ट करा. कोपराच्या आतल्या बाजूला दोन ठिकाणी नाण्याएवढा लेप, अर्ध्या तासाने धुवा, ४८ तास वाट बघा. खाज, लाली, पुरळ, काहीही आलं तर विषय संपला. डोक्यावर जखम किंवा ओरखडा असेल तर थांबा.

ग्राहक: लावायचं कसं?

फार्मासिस्ट: हातमोजे घाला, केसांच्या कडेला व्हॅसलीन लावा. आधी मेंदी, दोन तास. ती पाण्याने धुतली की नीळ कोमट पाण्यात कालवा आणि १०-१५ मिनिटांत लावायला घ्या. कालवून जास्त वेळ तशीच ठेवली तर तिचा रंग उतरतो. तासाभराने धुवा. पहिल्या दिवशी हिरवट झाक दिसेल, घाबरू नका, एक-दोन दिवसांत रंग गडद होतो. तोवर शाम्पू नको. भुवयांना मात्र काहीच लावू नका.

ग्राहक: आणि तरीही सूज आली तर?

फार्मासिस्ट: लगेच भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांकडे न्या. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. रंगाचं पाकीट बरोबर घ्या.

ग्राहक: दोन्ही पाकिटं द्या. आज फक्त टेस्ट करते.