काका, एसी आणि शेल्फसाठी भिंतीला ड्रिल करायचं होतं, तुमची परवानगी हवी आहे

नमस्कार काका, तुमची आणि काकूंची तब्येत कशी आहे? मेसेज थोडा मोठा झालाय, पण फोनवर घाईत बोलण्यापेक्षा सगळं नीट लिहिलेलं बरं, म्हणजे तुम्हाला निवांत वाचून ठरवता येईल.

तुम्हाला माहितीच आहे की फ्लॅट टॉप फ्लोअरचा आणि मागची बेडरूम पश्चिमेला. मार्च लागला की दुपारनंतर ती भिंत आणि स्लॅब इतके तापतात की रात्री उशिरापर्यंत खोली गार होत नाही, फॅन नुसता गरम हवाच फिरवतो. यंदा मे महिन्यात मृण्मयीची डिलिव्हरी आहे, बाळ-बाळंतीण इथेच पुण्यात राहणार, सासूबाईपण येतायत. म्हणून त्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी बसवायचा विचार आहे. विंडो एसीचापण विचार केला होता, पण त्यासाठी तुमचं ग्रिल कापावं लागेल, ते मलाच पटलं नाही.

आता भिंतीचं. इनडोअर युनिटची पत्र्याची प्लेट अडकवायला थोडी छोटी भोकं लागतील आणि कॉपर पाइप, वायर, ड्रेन पाइप बाहेर काढायला साधारण अडीच-तीन इंचाचं एक आरपार भोक. तुमची काळजी याच भोकाची असणार, कारण गेल्या पावसाळ्यात शेजारच्या भिंतीला ओल आली होती आणि तुम्ही ते वॉटरप्रूफिंग बराच खर्च करून करून घेतलंत. म्हणून मी ठरवलंय की भोक पश्चिमेच्या भिंतीला घ्यायचंच नाही, ड्राय बाल्कनीकडच्या भिंतीला घ्यायचं, तिथे वर छत आहे, पाऊस थेट लागत नाही. छिन्नी-हातोड्याने फोडायचं नाही, कोअर कटिंग मशीनने गोल कापून घेणार म्हणजे प्लास्टर उडत नाही, आणि बाहेरच्या बाजूला थोडा उतार ठेवणार, पाइपच्या भोवती सीलंट भरून घेणार. बीम आणि कॉलमला अजिबात हात लावायचा नाही हे टेक्निशियनला आधीच सांगून ठेवलंय.

आउटडोअर युनिट बाहेरच्या भिंतीवर टांगायला सोसायटीपण देत नाही, ते ड्राय बाल्कनीतच खाली स्टँडवर ठेवू, म्हणजे तिकडे ड्रिलिंगचा प्रश्नच नाही. ड्रेनचं पाणी तिथल्याच ट्रॅपमधे सोडू, खालच्यांच्या गॅलरीत एक थेंब जाणार नाही.

वायरिंगचं एक आहे. त्या खोलीत फक्त ६ अँपिअरचे सॉकेट आहेत, एसीला १६ अँपिअरचा लागतो, त्यामुळे मेन डीबीपासून वेगळी लाइन ओढून स्वतंत्र एमसीबी टाकावा लागेल. भिंत खोदायची नाही, वरून केसिंग पट्टीतून नेऊ. तुमचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन असेल तर त्याचा नंबर द्या, त्याच्याकडूनच करून घेतो, घराचं वायरिंग त्याला माहिती असेल.

दुसरं, हॉलमधे पुस्तकांसाठी तीन शेल्फ लावायचे होते. बाथरूमला लागून असलेली भिंत सोडून देऊ कारण आत कन्सील्ड पाइप आहेत, समोरच्या भिंतीवर लावू, स्विचबोर्डच्या सरळ वरची जागापण टाळू. एका शेल्फला ८ एमएमची चार भोकं, प्लग टाकून स्क्रू. हे नको वाटत असेल तर बिनधास्त सांगा, मी जमिनीवर उभं राहणारं रॅक घेईन, शेल्फवाचून काही अडत नाही. एसीचं मात्र खरंच गरजेचं आहे.

खर्च सगळा माझा, त्यासाठी भाड्यात काही कमी करा असं म्हणणार नाही. घर सोडताना एसी काढून नेईन, भोकं बुजवून पुट्टी आणि त्या पूर्ण भिंतीला त्याच शेडचा रंग मारून देईन, नुसते ठिगळ लावून नाही. ते नीट झालं नाही वाटलं तर डिपॉझिटमधून कापून घ्या. आणि तुम्हाला ते भोक आणि नवीन लाइन पुढच्या भाडेकरूसाठी तशीच ठेवायची असेल तर तशी ठेवतो.

आपल्या लिव्ह अँड लायसन्स अ‍ॅग्रीमेंटमधे लिहिलंय की घरात कुठलाही बदल करायला मालकाची लेखी परवानगी हवी, त्यामुळे तुमचा होकार असेल तर इथेच एका ओळीत लिहून पाठवा, एसी आणि शेल्फ दोन्हीचं वेगवेगळं लिहिलंत तर बरं. सोसायटीच्या फॉर्मवरपण मालकाची सही लागते, तो मी मेल करतो, सही करून स्कॅन पाठवलात तरी सेक्रेटरींना चालतंय. भिंतींचे फोटो खाली टाकतोय, भोकं जिथे येणार तिथे पेन्सिलने खुणा केल्यात. जागा बदलावीशी वाटली तर सांगा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी एसी बुक करत नाहीये.

काकूंना नमस्कार सांगा.

निखिल

(ड्रिलिंगच्या दिवशी तुम्हाला स्वतः यायचं असेल तर तुमच्या सोयीने रविवार ठरवू, पण सोसायटीत रविवारी मशीनचं काम चालत नाही असं वॉचमन म्हणाला, मग शनिवारी सकाळी चालेल का?)