शनिवारचा खेळ तास : पालकांना पत्र

प्रिय पालक,
सप्रेम नमस्कार.

येत्या शनिवारपासून सहावी ते आठवीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर संगणक कक्षात एक तास व्हिडिओ गेमचा राहील. दोन शिक्षक पूर्ण वेळ हजर असतील. मुलं घरी खेळतातच. दार लावून एकट्यानं मोबाइलवर खेळण्यापेक्षा शेजारी मित्र बसवून खेळलेलं बरं, असं माझं मत आहे.

गेम आम्ही निवडू. त्यावर ‘पेगी’ या गेमसाठी योग्य वय ठरवणाऱ्या युरोपीय पद्धतीचा ३ किंवा ७ वयाचा शिक्का हवा. माइनक्राफ्ट त्यात बसतो. जीटीए १८ चा आहे, त्यामुळे ‘मॅडम, फक्त गाडीच चालवतो’ ही सबब चालणार नाही. अनोळखी माणसांशी चॅट, गेमच्या आत खरेदी आणि नशिबावर उघडणाऱ्या पेट्या असलेले गेम बाद. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर तर २०२५ च्या केंद्रीय कायद्यानंच बंदी आहे. बुद्धिबळ मात्र कायम राहील; दिव्या देशमुखच्या गावात ते वगळून कसं चालेल?

संगणक वीस, एकावर दोघं, म्हणजे चाळीस जागा. शुक्रवारी परिपाठानंतर सर्वांसमोर चिठ्ठ्या काढू. ज्याचा नंबर लागला, त्याची चिठ्ठी बाकीच्यांची पाळी होईपर्यंत डब्यात पडणार नाही. गुण पाहिले जाणार नाहीत आणि कृपया शिफारशीचे फोनही नकोत.

संमतीपत्र डायरीत चिकटवलं आहे. सही करून गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांकडे द्यावं. तास दीड वाजता संपेल. रिक्षावाल्या काकांना तसं आधीच सांगून ठेवा.

आपली,
मुख्याध्यापिका
प्रतापनगर, नागपूर