दोन महायुद्धे: आंतरशालेय प्रश्नमंजूषा, अंतिम फेरी (सूत्रसंचालनाची संहिता)

इयत्ता 8 वी ते 10 वी. लेखी चाळणीतून आलेले चार संघ, प्रत्येकी दोन विद्यार्थी. संघांना नागपूरच्या तलावांची नावे: अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सक्करदरा. मंचावर क्विझमास्टर, गुणलेखक आणि वेळ पाहणाऱ्या बाई. बझर सकाळीच तपासून घ्यावेत.

ध्वनिव्यवस्थेसाठी सूचना: उत्तर बरोबर आले की छोटी घंटी, एवढेच. तोफांचे, बॉम्बचे आवाज अजिबात वाजवू नयेत.

सुरुवात

क्विझमास्टर: नमस्कार. मान्यवर, शिक्षक, पालक आणि विद्यार्थी मित्रांनो, स्वागत. आजचा विषय दोन महायुद्धे. हा युरोपचा इतिहास, आपला काय संबंध, असं पुष्कळांना वाटतं. पहिल्या महायुद्धात 13 लाखांच्या आसपास भारतीय माणसं समुद्रापार गेली आणि 74 हजारांच्या आसपास परत आली नाहीत. दुसऱ्यात भारतीय सैन्य 25 लाखांवर पोचलं. देश आपल्या हातात नव्हता, तरी माणसं आपली होती. म्हणून आज सराजेवोचा प्रश्न येईल तसा सोलापूरचा आणि कोल्हापूरचाही येईल. आणि एक विनंती. टाळ्या उत्तराला वाजवा, मृतांचा आकडा ऐकून वाजवू नका.

पहिली फेरी: ओळख

नियम: थेट प्रश्न, 5 गुण, 15 सेकंद. पास नाही, उणे गुण नाहीत. संघांची धडधड कमी व्हावी म्हणून ही फेरी सोपी ठेवली आहे. भराभर घ्यावी.

अंबाझरी: 28 जून 1914 रोजी ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची पत्नी सोफी यांची हत्या कोणत्या शहरात झाली? (सराजेवो)

फुटाळा: 1 सप्टेंबर 1939 रोजी जर्मनीने कोणत्या देशावर हल्ला केला? (पोलंड. हे उत्तर चौथ्या फेरीत पुन्हा लागेल, पण मुलांना सांगू नये.)

गोरेवाडा: 7 डिसेंबर 1941 रोजी जपानने अमेरिकेच्या कोणत्या नाविक तळावर हल्ला केला? (पर्ल हार्बर)

सक्करदरा: पहिल्या महायुद्धानंतर शांतता टिकवण्यासाठी स्थापन झालेली, जिनिव्हात मुख्यालय असलेली संघटना कोणती? (राष्ट्रसंघ. कोणी ‘संयुक्त राष्ट्रे’ म्हटले तर चूक. ती 24 ऑक्टोबर 1945 ची.)

दुसरी फेरी: का?

नियम: 10 गुण, 30 सेकंद. पास झाल्यास पुढच्या संघाला 5 गुण. उत्तरात कारण आलेच पाहिजे. नुसते नाव सांगितल्यास निम्मे गुण.

क्विझमास्टर: सनावळ्या पाठ करता येतात. कारण मात्र समजूनच घ्यावं लागतं. ही फेरी कारणांची.

अंबाझरी: भांडण ऑस्ट्रिया आणि सर्बियाचं. मग 4 ऑगस्ट 1914 रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध का पुकारलं?
उत्तर: फ्रान्स गाठण्यासाठी जर्मन सैन्य तटस्थ बेल्जियममध्ये घुसले. त्या तटस्थतेची हमी ब्रिटनने दिली होती.

फुटाळा: 1917 च्या जानेवारीत जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्याने मेक्सिकोला पाठवलेली एक तार ब्रिटिशांनी मध्येच पकडून उलगडली. त्या तारेने अमेरिकेत संताप का उसळला?
उत्तर: झिमरमान तार. अमेरिका युद्धात उतरली तर मेक्सिकोने जर्मनीची साथ द्यावी, बदल्यात टेक्सास, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोना परत मिळवायला मदत करू, असे आश्वासन त्यात होते. एप्रिलमध्ये अमेरिका युद्धात उतरली. (जर्मन पाणबुड्यांचे हल्ले हेही मोठे कारण होते. ते कोणी जोडले तर शाबासकी द्यावी.)

गोरेवाडा: 23 ऑगस्ट 1939 रोजी हिटलर आणि स्टालिन या हाडवैऱ्यांच्या देशांनी अनाक्रमण करार केला. त्यातून दोघांनी काय साधलं?
उत्तर: जर्मनीला एकाच वेळी दोन आघाड्यांवर लढायची वेळ टळली. रशियाला वेळ मिळाला आणि गुप्त कलमांनुसार पूर्व युरोपातला वाटा मिळाला. 22 जून 1941 रोजी जर्मनीनेच हा करार मोडला.

सक्करदरा: 1939 साली आपलं नागपूर मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं. त्या वर्षाअखेर इथल्या काँग्रेस मंत्रिमंडळासह प्रांतोप्रांतीच्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. का?
उत्तर: व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी भारतीय लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. (इथे घाई करू नये. स्वातंत्र्यासाठी लढतो असं सांगणाऱ्या सरकारने ज्यांना स्वातंत्र्य नाही त्यांना विचारलंही नाही, ही विसंगती एका वाक्यात सांगून पुढे जावे.)

तिसरी फेरी: आपली माणसं

नियम: सर्वांसाठी खुली, बझर. बरोबर 15, चूक उणे 5. प्रश्न पूर्ण होण्याआधी बझर दाबल्यास वाचन थांबवावे.

क्विझमास्टर: कामठी आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. छावणीत गणवेशातली माणसं आपण नेहमी पाहतो. पण भारतीय शिपाई कुठं कुठं लढले, हे आपल्या बोलण्यात फारसं येत नाही. या फेरीला म्हणूनच थोडा जास्त वेळ दिला आहे.

प्रश्न 1: 1914 च्या 31 ऑक्टोबरला बेल्जियममध्ये दाखवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा पहिला भारतीय शिपाई कोण? (खुदादाद खान)

प्रश्न 2: 23 सप्टेंबर 1918. जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळाने भाले-तलवारी घेऊन मशीनगनच्या समोरून धडक मारली आणि एक बंदर जिंकलं. ते बंदर कोणतं? जादा 5 गुणांसाठी: या मोहिमेतल्या संस्थानी सैनिकांचं दिल्लीतलं स्मारक कोणतं? (हैफा, तीन मूर्ती)

प्रश्न 3: मेसोपोटेमियात जनरल टाउनशेंडच्या नेतृत्वाखालची सहावी डिव्हिजन जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकली. अन्न संपलं आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिने शरणागती पत्करली. त्या डिव्हिजनच्या नावात महाराष्ट्रातलं एक शहर होतं. शहर कोणतं आणि वेढा कुठे पडला? (पुणे, कूत. दोन्ही आली तरच गुण. या डिव्हिजनमध्ये मराठा पलटणीही होत्या.)

प्रश्न 4: (सावकाश वाचावा.) 10 जुलै 1944, इटलीतलं टायबर नदीचं खोरं. एका नाईकाच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि त्याच्या सोबतचे सगळे मारले गेले किंवा जखमी झाले. तो एकटाच धावून गेला. हातबॉम्ब टाकून त्याने मशीनगन बंद पाडली. नवं मॅगझिन भरायला उसंत नव्हती, तेव्हा बंदूक उलटी धरून दस्त्याने उरलेल्यांना गाठलं. लगेच शत्रूच्या नेमबाजांनी त्याला टिपलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या या वीराचं नाव काय? (यशवंत घाडगे, आजच्या रायगड जिल्ह्यातले)

प्रश्न 5: त्याच रेजिमेंटचा एक निरोप्या शिपाई. 9 एप्रिल 1945, इटलीतली सेनिओ नदी. गोळ्यांच्या वर्षावात त्याने दोन जखमी साथीदारांना पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकेक करून मागे आणलं. मग हात जखमी असतानाही हातबॉम्ब फेकून मशीनगनची ठाणी गारद केली. तो कोण? (नामदेव जाधव, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. ते जिवंत परतले, हे मुलांना आवर्जून सांगावे.)

चौथी फेरी: धागेदोरे

नियम: तीन सूत्रे, एकेक करून. पहिल्यावर ओळखल्यास 30, दुसऱ्यावर 20, तिसऱ्यावर 10. प्रत्येक संघाला एका कोड्यासाठी एकच संधी.

कोडे 1, वस्तू. (अ) माझ्यात बसून दोनदा युद्धविराम झाला, दोन्ही वेळा त्याच दोन देशांत. (आ) पहिल्यांदा जर्मनी हरला होता, 11 नोव्हेंबर 1918. दुसऱ्यांदा फ्रान्स, 22 जून 1940. (इ) मी रुळांवर धावते आणि कॉम्पियेनच्या जंगलात उभी होते.
उत्तर: मार्शल फॉश यांचा रेल्वेचा डबा. अपमानाची परतफेड म्हणून हिटलरने तो मुद्दाम त्याच जागी आणवला होता.

कोडे 2, व्यक्ती. (अ) जपानशी लढणाऱ्या चीनसाठी 1938 साली भारतातून पाच डॉक्टर गेले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि मीही होतो. (आ) बाकीचे परतले, मी तिथंच राहिलो आणि 1942 च्या डिसेंबरात तिथंच मरण पावलो. (इ) मी सोलापूरचा.
उत्तर: डॉ. द्वारकानाथ कोटणीस. (चोळकरांचं नाव सभागृहाला पुन्हा एकदा ऐकवावे. आपल्या शहराच्या मुलांना ते ठाऊक असायला हवं.)

कोडे 3, ठिकाण. (अ) परकी भाषा बोलणारे सुमारे 5 हजार निर्वासित इथं राहिले, त्यांत बायका-मुलंच जास्त. (आ) त्यांच्या देशावर 1939 च्या सप्टेंबरात पश्चिमेकडून एकाने आणि पूर्वेकडून दुसऱ्याने झडप घातली. रशियातल्या हद्दपारीतून इराणमार्गे ते भारतात पोचले. (इ) मी कोल्हापूरजवळ आहे.
उत्तर: वळिवडे. निर्वासित पोलंडचे.

पाचवी फेरी: कस

नियम: बझर, बरोबर 20, चूक उणे 10. इथे बाजी पलटू शकते, म्हणून फेरीआधी गुणफलक मोठ्याने वाचावा.

प्रश्न 1: व्हर्सायच्या तहावर सही झाली त्या दिवशी सराजेवोच्या हत्येला बरोबर किती वर्षं झाली होती? (पाच. 28 जून 1919)

प्रश्न 2: 9 ऑगस्ट 1945 रोजी अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचं पहिलं लक्ष्य नागासाकी नव्हतं. कोणतं होतं आणि ते का सोडलं? (कोकुरा. ढग आणि धुरामुळे लक्ष्य दिसले नाही. उत्तरानंतर दोन क्षण थांबावे, लगेच पुढचा प्रश्न घेऊ नये.)

प्रश्न 3: 14 एप्रिल 1944 रोजी मुंबईच्या गोदीत स्फोटकं आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेलं जहाज पेटलं आणि शहर हादरलं. जहाजाचं नाव? (फोर्ट स्टिकीन. कापूस एकदा आतून धुमसू लागला की विझवणं किती कठीण, हे आपल्याला विदर्भात सांगावं लागत नाही.)

टायब्रेकर

पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकासाठी बरोबरी झाली तरच. बरोबरीतले संघच खेळतील, प्रेक्षकांनी कुजबुज करू नये.

पहिला, क्रम लावा: डंकर्कची माघार, रशियावर जर्मन हल्ला, पर्ल हार्बर, स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याची शरणागती. पाटीवर लिहा, 40 सेकंद. (दिला आहे तोच क्रम बरोबर: 1940, जून 1941, डिसेंबर 1941, फेब्रुवारी 1943. आधीच बरोबर लावलेली यादी पाहून बिचकणारा संघ इथेच गळतो.)

दुसरा, जवळचा आकडा: युरोपातला विजयदिन 8 मे 1945. जपानने टोकियोच्या उपसागरात ‘मिसुरी’ युद्धनौकेवर सही केली 2 सप्टेंबरला. मध्ये किती दिवस? तोंडी हिशेब, कागद नाही, 30 सेकंद. (117. जवळचे उत्तर जिंकेल.)

तिसरा, पुन्हा जवळचा आकडा: लेनिनग्राडचा वेढा किती दिवस चालला? (872)

तरीही बरोबरी राहिली तर अचानक-बाद प्रश्न, बझरवर. जो आधी बरोबर, तो जिंकला; जो चुकला, तो बाद: 22 सप्टेंबर 1914 च्या रात्री मद्रासवर तोफा डागणारी जर्मन युद्धनौका कोणती? (एम्डेन)

कोणीच उत्तर दिले नाही तर चषक विभागून द्यावा: सहा महिने एका शाळेत, सहा महिने दुसऱ्या. आधी कोणाकडे, ते तिथेच चिठ्ठी टाकून ठरवावे.