विषय: चादरीच्या लाल बाण्याच्या यादीचा प्रोग्रॅम – ओळींची मोजणी एकापासून धरावी की शून्यापासून, याची खात्री करण्याबाबत

प्रति,
डिझाइन विभागप्रमुख,
अक्कलकोट रोड एमआयडीसी, सोलापूर

सविनय नमस्कार.

50 ओळींच्या रिपीटची एक्सेल फाइल आणि तिच्यासोबतची आपली सूचना मिळाली. "प्रत्येक चौथ्या ओळीला लाल बाणा द्यावा, ओळ 12 ते 18 मध्ये मोर आहे, तिथे लाल बाणा देऊ नये," असे आपण लिहिले आहे. वाचताना ही सूचना अगदी स्पष्ट वाटते, परंतु प्रोग्रॅम लिहिताना तिचे दोन अर्थ होतात आणि त्यातून दोन वेगळ्या चादरी निघतात. म्हणून काम पुढे नेण्यापूर्वी आपली लेखी संमती हवी आहे.

पायथनमध्ये यादीतील पहिल्या ओळीचा क्रमांक 0 असतो, तर आपल्या नक्षीच्या कागदावर तीच ओळ 1 आहे. शिवाय आपल्या फाइलमध्ये सर्वांत वर शीर्षकाची ओळ असल्यामुळे एक्सेलच्या डाव्या कडेला तिच्यापुढे 2 दिसतो. एकाच ओळीला असे तीन क्रमांक असल्याने फोनवर नुसते "बारावी ओळ" म्हटले तर ती नेमकी कोणती, हे कळणार नाही. हे लक्षात न घेता प्रोग्रॅम असा लिहिला जाऊ शकतो:

```python
for i in range(50):
    if i % 4 == 0:
        print(i + 1)
```

यातून कागदावरील 1, 5, 9 अशा क्रमाने 49 पर्यंत 13 ओळी निघतात. मोजणी एकापासून धरली तर 4, 8, 12 अशा 48 पर्यंत 12 ओळी येतात. मोराच्या ओळी वगळल्यावर हे आकडे अनुक्रमे 11 आणि 10 होतात, म्हणजे चुकीच्या यादीने प्रत्येक रिपीटमध्ये एक लाल बाणा जास्त पडेल. रिपीटची लांबी 48 ओळींची असती, तर वगळण्यापूर्वी दोन्ही पद्धतींत 12 ओळीच आल्या असत्या आणि केवळ संख्या जुळवून हा फरक सापडला नसता. म्हणून यादी तपासताना संख्येबरोबर प्रत्यक्ष ओळ क्रमांकही पाहावेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

"12 ते 18" या शब्दांचेही असेच आहे. आपल्या बोलण्यात दोन्ही टोके धरली जातात, त्यामुळे या सात ओळी होतात. पायथनमध्ये `rows[12:18]` लिहिले तर कागदावरील 13 ते 18 अशा सहाच ओळी मिळतात, बारावी ओळ सुटते आणि ती चारच्या पटीतली असल्याने मोराच्या पहिल्याच ओळीतून लाल धागा जातो. योग्य लेखन `rows[11:18]` असे आहे.

माझा प्रस्ताव असा आहे की, आपल्याला दिसणाऱ्या प्रत्येक यादीत नक्षीच्या कागदावरील क्रमांकच असावेत, पहिली ओळ 1 असावी आणि "ते" म्हटल्यावर दोन्ही टोके धरावीत. शून्यापासूनची मोजणी प्रोग्रॅमच्या आत राहील आणि दोहोंमधील रूपांतर एकाच ठिकाणी होईल:

```python
for no, row in enumerate(rows, start=1):
    if no % 4 == 0 and not 12 <= no <= 18:
        print(no)
```

या पद्धतीने 4, 8, 20, 24, 28, 32, 36, 40, 44 आणि 48 या ओळींना लाल बाणा मिळेल.

एक प्रश्न मात्र यानेही सुटत नाही. 50 ला 4 ने पूर्ण भाग जात नाही. प्रत्येक रिपीटला मोजणी पुन्हा 1 पासून सुरू केली, तर अठ्ठेचाळिसाव्या ओळीनंतरचा लाल बाणा पुढच्या रिपीटच्या चौथ्या ओळीत येईल आणि सांध्यावर तीनऐवजी पाच साध्या ओळी दिसतील. मोजणी सलग ठेवली तर सांधा दिसणार नाही, परंतु दुसऱ्या रिपीटमध्ये लाल बाणा 2, 6, 10 या ओळींवर जाईल, मोराच्या भागात 14 आणि 18 वगळाव्या लागतील आणि मूळ क्रम तिसऱ्या रिपीटमध्ये परत येईल. यांतले कोणते शोभेल हा नक्षीचा निर्णय आहे आणि तो आपणच घ्यावा. मी तूर्त प्रत्येक रिपीटला नवी मोजणी गृहीत धरली आहे.

कृपया वरील दहा ओळ क्रमांक आपल्या कागदावर खुणा करून तपासावेत आणि तीन गोष्टी उत्तरात कळवाव्यात: पहिली ओळ 1 धरणे मान्य आहे का, ओळ 12 आणि ओळ 18 या दोन्ही वगळायच्या आहेत का, आणि मोजणी प्रत्येक रिपीटला नव्याने हवी की सलग. आपले उत्तर येईपर्यंत सोबतची यादी केवळ तपासणीसाठी समजावी आणि ती मागावर देऊ नये.

आपला विश्वासू,
प्रोग्रॅमर, संगणक विभाग